दिवाळीच्या सुमारास फोटोत सगळीच बदकं तपकिरी: चक्रांग कोणतं, भुवई बदक कोणतं?

तक्रार दर वर्षी तीच येते. दसरा-दिवाळीच्या दरम्यान कुणी भिगवणला, कुणी नांदूर मध्यमेश्वरला, तर कुणी गावाजवळच्या पाझर तलावावर जातं, पाच-सहा लहान तपकिरी बदकांचा फोटो काढतं आणि घरी येऊन पुस्तक उघडतं. पुस्तकात एक नर तांबूस डोक्याचा, डोळ्यावरून मागे गेलेल्या हिरव्या पट्ट्याचा. दुसऱ्या पानावर दुसरा नर, ठसठशीत पांढऱ्या भुवईचा. फोटोत दोघांपैकी कुणीच नाही. मग ‘सगळ्या माद्या दिसतायत, चक्रांगच असणार’ असं लिहून यादी बंद होते. या एका वाक्यात बहुतेक वेळा दोन चुका असतात. त्या सगळ्या माद्या नसतात आणि सगळे चक्रांगही नसतात.

चक्रांग म्हणजे कॉमन टील आणि भुवई बदक म्हणजे गार्गनी. हिवाळ्यात आपल्याकडे येणाऱ्या बदकांत सगळ्यात लहान हीच दोन, आणि फोटोवरून सर्वांत जास्त गफलत यांच्यातच होते. म्हणून इथे मुख्यतः यांच्याबद्दल.

सगळेच मादीसारखे का दिसतात

उत्तरेकडे वीण आटोपली की नर बदकाची चमकदार पिसं झडतात आणि त्या जागी मादीसारखी तपकिरी पिसं येतात. यालाच इक्लिप्स पिसारा म्हणतात. याच काळात उडण्याची मोठी पिसं एकदमच गळतात आणि साधारण तीन-चार आठवडे पक्ष्याला उडताच येत नाही. गवतात दबून राहायचं तर भडक रंग परवडत नाही. पुढे पंख भरून येतात आणि थवे दक्षिणेकडे निघतात, पण अंगावरची तपकिरी पिसं अजून बदललेली नसतात. आपल्या तळ्यावर उतरतो तो नर म्हणजे मादीच्या वेशातला नर.

इथपर्यंत दोन्ही जातींची गोष्ट एकच आहे. फरक पडतो तो वेश कधी उतरतो यात. चक्रांगाचा नर ऑक्टोबरपासून रंगायला लागतो आणि डिसेंबरपर्यंत बहुतेक नर ओळखू येतात. भुवई बदकाचा नर मात्र तपकिरी पिसारा फार उशिरापर्यंत, पुष्कळदा जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत, अंगावर ठेवतो. ज्या भुवईवरून त्याला नाव पडलं ती भुवई आपल्याकडच्या मुक्कामात बराच काळ पुस्तकातल्यासारखी दिसतच नाही. ‘पांढरी भुवई दिसली नाही, म्हणजे भुवई बदक नव्हतं’ हा निष्कर्ष नोव्हेंबरमध्ये साफ चुकीचा ठरतो.

उलट बाजूने याच गोष्टीचा उपयोग होतो. डिसेंबरच्या मध्यावर साठ-सत्तर लहान बदकांचा थवा समोर आहे आणि त्यात एकही रंगीत नर नाही, तर तो थवा चक्रांगांचा असण्यापेक्षा भुवई बदकांचा असण्याची शक्यता जास्त. ही खात्री नव्हे, पण चेहरे नीट तपासायला बसायला एवढं कारण पुरे.

फोटोत कुठे आणि कोणत्या क्रमाने बघायचं

आकारापासून सुरुवात करू नका. चक्रांग 34 ते 38 सेंटीमीटर, भुवई बदक 37 ते 41. फरक इतका थोडा आहे की टेलिफोटो लेन्सने काढलेल्या फोटोत पुढचं-मागचं अंतर दबतं आणि तो पुसून जातो. आकाराचा उपयोग एवढाच की ही जोडी मोठ्या बदकांपासून वेगळी काढता येते. शेजारी चांदवा, म्हणजे काळ्या अंगाचा आणि पांढऱ्या कपाळाचा वारकरी, पोहत असेल तर उत्तम. हे दोघं साधारण त्याच्याएवढे असतात. त्याच्यापेक्षा स्पष्ट मोठं दिसणारं तपकिरी बदक या दोघांपैकी नाही.

पहिली नजर चेहऱ्यावर. भुवई बदकाचा चेहरा, नर असो की मादी, पट्ट्यापट्ट्यांचा असतो. वर गडद टाळू, खाली फिकट भुवई, मग डोळ्यातून जाणारी गडद रेघ, त्याखाली फिकट पट्टा आणि त्याच्याही खाली गालावरून आडवी गेलेली आणखी एक गडद रेघ. शिवाय चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका आणि गळा पांढुरका. चक्रांगाच्या मादीचा चेहरा त्यामानाने कोरा: गडद टाळू, डोळ्यातून एक बारीक रेघ आणि बाकी बारीक ठिपक्यांचा सारखा तपकिरी गाल. सोपं करून सांगायचं तर भुवई बदकाच्या चेहऱ्यावर गडद रेघा दोन, चक्रांगाच्या चेहऱ्यावर एक.

फसगत इथेच होते. काही चक्रांगांच्या गालावरही पुसटशी दुसरी रेघ असते आणि चोचीपाशी थोडा फिकटपणा असतो. नुसता ठिपका पाहून निकाल दिला तर निम्म्या वेळा चूक होईल. भुवई, दोन रेघा, ठिपका आणि पांढुरका गळा हे चारही एकत्र आणि ठळक असतील तरच चेहऱ्याचा पुरावा भुवई बदकाकडे झुकतो.

दुसरी नजर शेपटीच्या बुडाशी. चक्रांगाच्या मादीला शेपटीच्या दोन्ही बाजूंना, अगदी कडेला, एक फिकट, मळकट पांढरी आडवी रेघ असते. खडूचा एकच फटकारा मारावा तशी ती दिसते आणि बदक दूर असलं तरी फोटोत टिकते. भुवई बदकाला ती नसते, तिथे ठिपकेदार तपकिरी पिसंच असतात. रेघ दिसली तर चक्रांग, हे जवळपास निर्विवाद. रेघ दिसली नाही म्हणून मात्र लगेच भुवई बदक म्हणायचं नाही. मिटलेल्या पंखाची टोकं तिच्यावर येतात, आणि बदक पुढे झुकून खात असेल तर कोन बदलतो.

तिसरी चोच. भुवई बदकाची चोच करडी, किंचित लांब. चक्रांगाची लहान, बारीक, आणि मादीच्या चोचीच्या मुळाशी, खालच्या कडेला, बहुधा पिवळट-नारिंगी छटा असते. इथेही न्याय एकतर्फी आहे. छटा असेल तर चक्रांगाच्या बाजूने पुरावा, नसेल तर काहीच सिद्ध होत नाही, कारण चक्रांगाच्या नराची चोच गडदच असते. स्क्रीनवर पट्टी लावून चोच मोजायला बसणारेही आहेत. त्यातून हाती काही लागत नाही. दोघांच्या चोचींच्या लांबीत फरक मोजक्या मिलिमीटरचा, आणि मान जराशी वळली तरी तो नाहीसा होतो.

पंख उघडला तर वाद मिटतो

बसलेल्या बदकावरून जे ठरत नाही ते उघडलेल्या पंखावरून बहुधा ठरतं. पंखाच्या मागच्या भागात जो चमकता पट्टा असतो त्याला स्पेक्युलम म्हणतात. त्याचा रंग बघण्याचा मोह आवरा. ती चमक पिसांच्या रचनेवर प्रकाश पडून तयार होते, म्हणून एकाच पक्ष्याचा तोच पट्टा एका फोटोत हिरवा, पुढच्यात काळा आणि तिसऱ्यात जांभळट येतो. बघायच्या त्या त्याच्या पुढच्या आणि मागच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्या. पांढरा रंग कोनाबरोबर बदलत नाही.

चक्रांगाची, नर-मादी दोघांचीही, पुढची पट्टी रुंद आणि मागची अरुंद. भुवई बदकाच्या मादीचं याच्या उलट: मागच्या कडेची पांढरी पट्टी ठळक, पुढची बारीक, आणि मधला पट्टा निस्तेज, हिरवा जेमतेम जाणवेल इतका. भुवई बदकाच्या नराच्या दोन्ही पट्ट्या जवळपास सारख्या रुंद आणि त्यांच्या पुढे, खांद्याकडचा पंखाचा सगळा भाग फिकट निळसर-राखाडी.

इक्लिप्स पिसाऱ्यातल्या नराचं बिंग फुटतं ते याच राखाडी भागामुळे. अंगावरची पिसं तपकिरी झाली तरी नराचा पंख नराचाच राहतो. उडण्याची पिसं वर्षातून एकदाच बदलतात आणि पंखाचा नमुना वर्षभर तसाच टिकतो. म्हणून उघडलेला फिकट राखाडी पंख आणि पट्टेरी तपकिरी चेहरा एकाच पक्ष्यात दिसला की तो इक्लिप्समधला भुवई बदकाचा नर. जाता जाता, असाच निळसर खांदा फावड्यासारख्या चोचीच्या थापट्या बदकालाही असतो, आणि तो योगायोग नाही. पूर्वी चक्रांगाच्या प्रजातीत गणलेलं भुवई बदक आता शास्त्रज्ञांनी थापट्याबरोबर स्पॅट्युला या प्रजातीत ठेवलं आहे.

आता पंख उघडा मिळवायचा कसा? उडवून नाही. दगड मारून किंवा बोट थव्यात घालून मिळालेल्या फोटोत बहुधा पाठमोरी शेपट्याच येतात, आणि पक्षी दिवसभर अस्वस्थ राहतात ते वेगळंच. आंघोळ करणाऱ्या बदकावर लक्ष ठेवा. डोकं पाण्यात घालून पाठीवर पाणी उडवणं आठ-दहा वेळा झालं की ते अंग उभारतं आणि दोन-तीनदा पंख फडफडवतं. पिसं साफ करून झाल्यावरही हेच. शटर सेकंदाच्या 1/2000 वर ठेवा, बर्स्ट चालू ठेवा आणि अंग उभारायला लागताच बटण दाबा. पंख पूर्ण वर गेल्यावर दाबलं तर उशीर झालेला असतो. तसंच काठावर उभं असलेलं बदक एक पंख आणि त्याच बाजूचा पाय एकदम ताणतं, ती दोन सेकंदंही सोडू नका.

एक फोटो सोडवून पाहू

उजनीचं फुगवट्याचं पाणी, ऑक्टोबरचा शेवट, सकाळचे सव्वासात, ऊन छायाचित्रकाराच्या पाठीमागून. एकाच बर्स्टमधल्या सात फ्रेम आणि त्यात पाच तपकिरी बदकं. कडेला एक चांदवा.

डावीकडचं पहिलं बदक पोहतंय, पूर्ण आडवं. गालावर दुसरी गडद रेघ स्पष्ट, चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका, गळा पांढुरका, चोच सगळी करडी. शेपटीचं बूड पूर्ण दिसतंय आणि तिथे खडूची रेघ नाही. भुवई बदक, शंका नाही. नर की मादी? पंख मिटलेला, म्हणून ‘माहीत नाही’ एवढंच लिहायचं.

दुसरं झोपलेलं, चोच पाठीत खुपसलेली. चेहऱ्याचा वरचा भागच दिसतो: भुवई आणि डोळ्यातली रेघ. एवढ्यावर काही ठरत नाही. पण पाचव्या फ्रेममध्ये ते जागं होऊन उभारलंय आणि पंख अर्धा उघडा आहे. खांद्याचा भाग फिकट राखाडी, स्पेक्युलम या कोनातून चक्क काळा, पण त्याच्या दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या पट्ट्या सारख्या. इक्लिप्समधला भुवई बदकाचा नर. ही एक फ्रेम डिलीट झाली असती तर हा पक्षी ‘मादी, बहुधा चक्रांग’ म्हणून नोंदला गेला असता.

तिसऱ्याचा चेहरा कोरा, चोच लहान, आणि मोठं करून पाहिलं तर तिच्या मुळाशी खाली पिवळट डाग. शेपटीशेजारी फिकट रेघ. चक्रांगाची मादी. मात्र पिवळा डाग मोजण्याआधी शेजारच्या चांदव्याचं कपाळ बघितलं. ते पांढरंशुभ्रच आहे, पिवळं पडलेलं नाही. म्हणजे डाग उन्हाचा नाही, चोचीचाच.

चौथ्याचं डोकं पाण्यात, फक्त मागचा भाग वर. अशा वेळी लोक पक्षी सोडून देतात. पण बुडाशी पिवळट तुकडा दिसतोय आणि त्याला काळी कड आहे, तर कुशीवर करड्या बारीक लाटांची दोन-चार पिसं फुटली आहेत. हा रंगायला लागलेला चक्रांगाचा नर. चेहरा एकदाही न बघता जात आणि लिंग दोन्ही मिळाली.

पाचवं मागे, चांदव्याच्या जवळ, आणि त्याच्यापेक्षा लांबीला स्पष्ट मोठं. म्हणजे इथेच दोन्ही लहान जाती बाद. चोच पाण्याला लावून ते चाळत पुढे सरकतंय, त्यामुळे चोचीचा पुढचा भाग बुडालेला आणि ती आखूड वाटते. सहाव्या फ्रेममध्ये मान वर, आणि चोच डोक्यापेक्षा लांब, टोकाला फावड्यासारखी पसरट. थापट्या. डोळा पिवळा आणि चोच-डोळ्यांच्या मधे फिकट चंद्रकोर, म्हणून हा नर, तोही अर्ध्या बदलातला. शरद ऋतूत थापट्याच्या नराच्या चेहऱ्यावर अशी चंद्रकोर काही काळ येते, आणि ती पाहून दुसऱ्याच कुठल्या दुर्मीळ बदकाची आशा धरणारे बरेच असतात.

प्रकाश आणि चिखल काय करतात

चोचीच्या रंगावर वाद झाला की आधी प्रकाश तपासा. सूर्योदयानंतरच्या पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात करडी चोच तांबूस येते. हिरव्या शेवाळलेल्या पाण्यावर खालून हिरवट छटा चढते. फ्रेममध्ये खरोखर पांढरं किंवा करडं काही असेल, जसं चांदव्याचं कपाळ किंवा बगळ्याचं अंग, तर त्याच्याशी ताडून बघा. रॉ फाइल असेल तर व्हाइट बॅलन्स मागाहून दुरुस्त होतो, मोबाइलने आधीच रंगवून दिलेल्या जेपीईजीत ती सोय फारशी उरत नाही.

एक्स्पोजरचाही इथे मोठा वाटा आहे. गडद पाण्यावरचं बदक कॅमेरा स्वतःहून उजळ करतो आणि चेहऱ्यावरच्या फिकट पट्ट्या पांढऱ्या होऊन एकमेकींत मिसळतात. भुवई बदक मग कोऱ्या चेहऱ्याचं दिसतं, म्हणजे चक्रांग. अशा पाण्यावर एक्स्पोजर अर्धा स्टॉप कमी ठेवलेला बरा. उन्हं चढल्यावर पाण्यावरची हवा लहरायला लागते. त्या वेळी दीडशे मीटरवरच्या बदकाच्या गालावरच्या रेघा लेन्स कितीही महाग असली तरी येत नाहीत. जवळ जा, नाहीतर दुसऱ्या दिवशी लवकर या.

चिखलाचं वेगळंच. उथळ पाण्यात चाळत खाणाऱ्या बदकाची चोच चिखलाने माखते आणि मुळाशी असलेली पिवळी छटा झाकली जाते. लोहयुक्त गाळात राहिलेल्या पक्ष्यांच्या गालावर आणि पोटावर गंजासारखा तांबूस रंग चढतो. हा रंग पिसाच्या नक्षीप्रमाणे जात नाही, पाण्याच्या पातळीला समांतर किंवा धब्ब्यासारखा पसरतो. त्यावरून तो ओळखावा.

आणखी काही नेहमीचे घोटाळे

मलिन बदकाची मादी, म्हणजे गॅडवॉल, हिला बरेच जण मॅलार्ड म्हणून टाकतात. महाराष्ट्रात मॅलार्ड क्वचितच दिसतं, म्हणून आधी मलिन बदकच धरा. तिच्या चोचीच्या दोन्ही कडांना सरळ नारिंगी पट्टी असते आणि मिटलेल्या पंखावरही पुष्कळदा छोटा पांढरा चौकोन डोकावतो. मॅलार्डचा पट्टा निळा असतो.

चोचीपाशी ठिपका दिसला की बैकल टीलची घोषणा करू नका. तिचा ठिपका गोल, रेखीव आणि गडद कडेने वेढलेला असतो. भुवई बदकाचा ठिपका मात्र कडांना विरघळत जातो. बैकल टील भारतात दुर्मीळ आहे, आणि आपल्याकडचे दावे तपासले की बहुतेक वेळा निघतं ते भुवई बदकच.

हळदी-कुंकू बदक इथलंच रहिवासी, त्याच्या नराला असा वेश बदलण्याचा प्रकार जाणवण्याइतका नसतो. चोचीचं पिवळं टोक वर्षभर दिसतं. काणूक, म्हणजे कॉटन टील, मात्र वेगळी. हा पावसाळ्यात वीण करणारा पक्षी, म्हणून त्याचा नर मादीसारखा दिसतो तो हिवाळ्यात. उडताना पंखावरचा रुंद पांढरा पट्टा नराकडे तेव्हाही शाबूत असतो. आणि टोकदार चोचीचं, मागे पिसांचा नुसता गोंडा असलेलं इवलंसं तपकिरी काही दिसलं तर ते बदकच नाही, ती टिबुकली.

एवढं करूनही काही पक्षी उरतात. मान आत ओढून झोपलेलं, पाठमोरं, दूरचं बदक ओळखून दाखवण्यात कौशल्य नाही. ई-बर्डवर नोंद करताना त्याला `duck sp.` लिहा, आणि ज्यांचा चेहरा, बूड किंवा पंख खरोखर दिसला तेवढेच जातीनिशी मोजा. फोटो मात्र अपलोड करताना कापून छोटे करू नका. ओळख पटवणारी शेपटीकडची रेघ नेमकी त्या कापलेल्या तुकड्यात गेलेली असते.